सोमवारी सही करू नकोस

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. मंदार,


काल रात्री वहिनीचा फोन आला होता. आधी तुझ्या बाबांचे गुडघे, मग शेजारच्यांचं लग्न, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "मंदारचे पैसे सुटले हो एकदाचे, सोमवारी सही करून चेक घेणार आहे." किती म्हटलं, तर पासष्ट हजार. कागदावर काय लिहिलंय म्हटलं, तर "फुल अँड फायनल, यापुढे कंपनीकडे काहीही येणं नाही." त्यानंतर मला झोप लागली नाही. पंचवीस वर्षं टाइम ऑफिसात पगारपत्रकं करणारी आत्या घरात असताना तुला एक फोन करावासा वाटला नाही? असो. पत्र एवढ्यासाठीच की त्या कागदावर सही करू नकोस.

आधी ग्रॅच्युइटीचा आकडा बघ. तू १ जून २०१८ ला लागलास आणि ३१ जानेवारी २०२४ ला सोडलीस. म्हणजे पाच वर्षं आठ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा ग्रॅच्युइटीत पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा तुझी वर्षं सहा. शेवटच्या स्लिपवर बेसिक आणि डीए मिळून २६,००० होते. घरभाडं, कन्व्हेयन्स, बोनस यात धरायचं नाही. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, पण महिना तीस दिवसांचा नाही, सव्वीसचा धरायचा, कारण रविवार वगळून कामाचे दिवस तेवढेच. यावर पूर्वी कोर्टात भांडणं झाली आणि १९८७ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच लिहून टाकलं. म्हणून २६,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,०००, आणि सहा वर्षांचे ९०,०००.

आता त्यांचे पासष्ट हजार कुठून आले ते मला न विचारता कळलं. तीसने भागलं आणि वर्षं पाचच धरली. तेरा हजार गुणिले पाच. नवशिका कारकून एक चूक करील. दोन्ही चुका मालकाच्याच बाजूच्या निघाल्या की मला ती चूक वाटत नाही.

आणि व्याजाचं तर नावच नाही. वहिनी म्हणाली की एचआरवाल्या बाईंनी तुला सांगितलं, "तुम्ही अर्जच केला नव्हता, मग उशीर आमचा कसा?" मंदार, १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम ७ बघ. अर्ज येवो न येवो, रक्कम ठरवून कर्मचाऱ्याला लेखी कळवणं हे मालकाचं काम आहे, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची आहे. दिली नाही तर सरळव्याज. तेही तीस दिवस संपल्यापासून नाही, तर रक्कम देय झाली त्या दिवसापासून, म्हणजे तू नोकरी सोडलीस तेव्हापासून. दर केंद्र सरकार ठरवतं. १ ऑक्टोबर १९८७ पासून तो दहा टक्के आहे. नव्वद हजारांवर महिन्याला साडेसातशे. जानेवारीअखेर वर्ष भरलं, म्हणजे नऊ हजार झाले.

व्याज चुकवायला मालकाला एकच वाट आहे. उशीर कर्मचाऱ्याच्या चुकीने झालेला हवा, आणि त्या कारणावरून उशिरा द्यायची लेखी परवानगी नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून काढलेली हवी. दोन्ही हवं, एक असून भागत नाही. तशी परवानगी आहे का, एवढं त्या बाईंना विचार. कंपनी तोट्यात आहे, हे कारण त्या कलमात कुठेही नाही. गंगाहनुमे गौडा विरुद्ध कर्नाटक अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट सांगितलं: हे व्याज कायद्याने द्यावंच लागतं, ते द्यायचं की नाही हे कोणाच्या मर्जीवर नाही. त्या माणसाला खालच्या कोर्टाने नाकारलेलं दहा टक्के व्याज तिथे मिळालं.

म्हणून उद्या चेकसाठी जाऊ नकोस. फॉर्म आय भर आणि रजिस्टर एडीने पाठव, पोचपावती जपून ठेव. अर्जाची तीस दिवसांची मुदत गेली म्हणून घाबरू नकोस. केवळ उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही, असं नियमांतच आहे. वर्षभर ते तुला "प्रोसेसमध्ये आहे" अशा मेल पाठवत होते, त्या छापून जोड. अर्ज पोचल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी रक्कम मान्य असल्याचं किंवा नाकारल्याचं लेखी द्यायचं असतं. नाकारलं, कमी आकडा दिला किंवा गप्प बसले, तर नव्वद दिवसांच्या आत फॉर्म एन. इथे नीट लक्ष दे, कारण बहुतेक जण इथेच चुकीच्या दारात जाऊन सहा महिने घालवतात. तुमच्या कंपनीची शाखा वापीलाही आहे. एकापेक्षा जास्त राज्यांत शाखा असल्या की राज्याचं लेबर कोर्ट नाही, केंद्राचे सहायक कामगार आयुक्त. तिथेही लगेच होईल असं समजू नकोस, तारखा पडतील. पण हुकूम झाल्यावरही नाही दिले तर वसुलीचा दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

समजा चेक थेट खात्यावर टाकला, तर परत करू नकोस. त्याच दिवशी मेल कर की रक्कम कमी आहे, आणि उरलेली रक्कम व व्याज यांचा हक्क राखून स्वीकारतोय. फक्त तो "काही येणं नाही" वाला कागद नको. आणि हे वाचायच्या आधीच सही करून बसला असशील तरी रडत बसू नकोस. कलम १४ प्रमाणे कायद्याच्या विरुद्ध जाणारा करार टिकत नाही. पण मग ते पटवायला तुलाच हेलपाटे पडतील, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तो आपल्या घराण्याचाच आहे म्हणा. अण्णा कामाला होते तो छापखाना बंद झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दीड वर्षाने मालकांनी घरी बोलावून पाकीट दिलं. मी अण्णांच्या बरोबर होते. त्यांनी न मोजता खिशात घातलं आणि वर चहाबद्दल आभार मानले. बाहेर आल्यावर मी हिशोब विचारला तर म्हणाले, मोठ्या माणसांपुढे पैशाचं बोलू नये. मीही गप्प बसले. पुढे टाइम ऑफिसात हे कलम पहिल्यांदा वाचलं, त्या दिवशी डबा खाल्ला नाही. तोवर अण्णा गेले होते.

त्यामुळे थोडं रागावून लिहिलं असेन. एवढं बोलायला नको होतं. वहिनीने हळूच हेही सांगितलं की नव्या खोलीचं डिपॉझिट अडलंय आणि म्हणून तू घाई करतोयस. हे आधी सांगायचंस ना, वेड्या. माझी एक एफडी याच महिन्यात सुटते आहे. त्यातले घे, तुझ्या बाबांना सांगायची गरज नाही. कंपनीचे पैसे आले की दे, नाही आले तर तेव्हा बघू.

आणि सॅलरी स्लिपा, रिलिव्हिंग लेटर, अपॉइंटमेंट लेटर घेऊन शनिवारी ये. फॉर्म आपण दोघं बसून भरू. मुक्कामालाच ये, रात्रीची बस नको. थालीपीठ लावते, पण लोणी घरचं नाही हल्ली.

तुझी,
आत्या