जमा चिठ्ठी आणि नावे चिठ्ठी : परत आलेल्या मालाचा हिशोब



गटाने माल विकला, बिल केले, उधारी वहीत लिहिले. आठ दिवसांनी दुकानदार म्हणतो, "ताई, यातली सहा पाकिटं परत घेऊन जा. आणि पापडाचा दर तुम्ही जास्त लावलाय." आपण पाकिटे घेऊन येतो. महिनाअखेर दुकानदार तेवढे पैसे कापून देतो आणि आपण जेवढे मिळाले तेवढे रोकड वहीत लिहितो. उधारी वहीत मात्र त्याच्या नावावर सहाशे-सातशे रुपये तसेच राहतात. सहा महिन्यांनी कोणीतरी वही उघडते आणि विचारते, "हे पैसे का नाही आले? माल घेऊन कोण गेलं होतं?" जी ताई माल पोचवायला गेली होती, तिच्याकडे सगळ्यांची नजर वळते. तिने एक रुपयाही घेतलेला नसतो, पण दाखवायला कागद नसतो.

हा जो कागद हवा असतो त्यालाच जमा चिठ्ठी म्हणतात. बाजारात तिला क्रेडिट नोट म्हणतात. तिची बहीण म्हणजे नावे चिठ्ठी, म्हणजेच डेबिट नोट. या दोन चिठ्ठ्या कोण लिहितो आणि दोघांच्या वहीत त्या कशा चढतात, ते एकाच उदाहरणावरून बघू.

समजा, गटाने 3 जूनला तालुक्याच्या दुकानात शेंगदाणा चटणीची 60 पाकिटे 80 रुपयांनी आणि पापडाची 40 पाकिटे 70 रुपयांनी दिली. चटणीचे 4,800, पापडाचे 2,800, बिल नंबर 41, एकूण 7,600 रुपये. माल उधारीवर गेला.

12 जूनला दुकानदाराने चटणीची 6 पाकिटे परत केली. शिवण नीट बसली नव्हती, तेल बाहेर येत होते. शिवाय पापडाचा दर 65 ठरला होता, बिलात 70 लागला. म्हणजे पाकिटामागे 5 रुपये जास्त, 40 पाकिटांचे 200 रुपये. परत मालाचे 480 आणि दराचे 200, मिळून 680 रुपये कमी व्हायला हवेत.

आता पहिला मोह होतो तो बिलावर खाडाखोड करायचा. तो टाळा. बिलाची मूळ प्रत दुकानदाराकडे आहे, कार्बन प्रत आपल्याकडे आहे. आपण आपल्या प्रतीत 7,600 चे 6,920 केले तर एकाच नंबरची दोन वेगळी बिले तयार होतात. ऑडिटला आलेला माणूस पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. बिल झाले ते झाले, ते जसे आहे तसे ठेवायचे. दुरुस्ती वेगळ्या कागदावर करायची आणि त्या कागदावर जुन्या बिलाचा नंबर टाकायचा.

दुकानदार माल परत पाठवताना सोबत जो कागद देतो ती त्याची नावे चिठ्ठी. "तुमच्या खात्याला 680 रुपये नावे टाकले," असे तो कळवतो. आपण पाकिटे मोजतो, दर ठरलेल्या कागदाशी ताडून बघतो, आणि पटले की आपली जमा चिठ्ठी देतो : "तुमच्या खात्याला 680 रुपये जमा केले."

इथे बऱ्याच जणी गोंधळतात. एकच गोष्ट, मग एक नावे कशी आणि एक जमा कशी? लक्षात ठेवायला सोपे आहे. चिठ्ठी पाठवणारा स्वतःच्या वहीत समोरच्याच्या पानावर जे करतो, ते चिठ्ठीचे नाव. आपल्या वहीत दुकानदाराचे पान आहे. तो आपले 7,600 देणे लागतो म्हणून ते त्याच्या नावे आहेत. त्याचे देणे कमी करायचे तर त्याच पानावर 680 जमा करावे लागतात. दुकानदाराच्या वहीत आपले पान आहे. तिथे आपले 7,600 जमा आहेत, कारण आपण माल दिलाय. ते कमी करायला तो आपल्या नावे 680 टाकतो. आरशासारखे आहे हे, आपली उजवी बाजू समोर डावी दिसते.

आपली जमा चिठ्ठी साधी असते. कोऱ्या पावती पुस्तकावरही चालते, फक्त नंबर वेगळे ठेवा :

जमा चिठ्ठी नं. 5, तारीख 14 जून
मूळ बिल नं. 41, तारीख 3 जून
शेंगदाणा चटणी 6 पाकिटे परत, शिवण उघडी, दर 80 : रु. 480
पापड 40 पाकिटे, दर 70 ऐवजी 65 : रु. 200
एकूण रु. 680, अक्षरी सहाशे ऐंशी फक्त

खाली गटाची सही-शिक्का आणि दुकानदाराची सही. दोन प्रती काढा. कारण लिहायला कंटाळू नका. नुसते "माल परत 680" लिहिले तर पुढच्या वर्षी कोणालाच कळत नाही की माल खराब होता की दर चुकला होता.

मग दोन्ही वह्या अशा दिसतात. गटाच्या उधारी वहीत दुकानदाराचे पान :

| तारीख | तपशील | नावे | जमा | येणे बाकी |
|---|---|---|---|---|
| 3 जून | बिल नं. 41 | 7,600 | | 7,600 |
| 14 जून | जमा चिठ्ठी नं. 5 | | 680 | 6,920 |
| 20 जून | रोख मिळाले | | 6,920 | 0 |

आणि दुकानदाराच्या वहीत गटाचे पान :

| तारीख | तपशील | नावे | जमा | देणे बाकी |
|---|---|---|---|---|
| 3 जून | बिल नं. 41, माल आला | | 7,600 | 7,600 |
| 12 जून | नावे चिठ्ठी, माल परत व दरफरक | 680 | | 6,920 |
| 20 जून | रोख दिले | 6,920 | | 0 |

त्याने 12 तारखेला लिहिले, आपण 14 ला. मधले दोन दिवस दोघांची बाकी जुळणार नाही, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. 14 नंतरही जुळली नाही तर मात्र शोधायला हवे.

एवढ्यावर थांबायचे नाही. ज्या गटात पूर्ण जमाखर्च लिहितात, तिथे दुसरी बाजूही लिहावी लागते. 3 जूनला आपण विक्री 7,600 धरली होती. आता "विक्री परत" खात्याला 480 नावे आणि विक्री खात्याला दरफरकाचे 200 नावे पडतात. म्हणजे खरी विक्री 6,920. दुकानदाराकडे त्याची "खरेदी परत" 480 जमा आणि खरेदीला 200 जमा, त्याची खरेदीही 6,920 वर येते. दरफरकासाठी काही जण वेगळे खाते उघडतात. माझ्या मते छोट्या गटाला त्याची गरज नाही, चिठ्ठीवर कारण आहे तेवढे पुरे. पण ही बाजू गाळू नका. विक्री 7,600 च राहिली तर वर्षाअखेर नफा 680 ने जास्त दिसतो आणि हातात न आलेल्या पैशांची वाटणी होते.

साठा नोंदवहीत परत आलेली 6 पाकिटे आधी आवक दाखवा. तेलकट झालेली पाकिटे पुन्हा विकता येणार नाहीत, म्हणून त्याच दिवशी खालच्या ओळीत "खराब, 6 पाकिटे" अशी जावक दाखवा. आवक लिहिलीच नाही तर पाकिटे गेली कुठे, हा प्रश्न राहतोच.

आता सगळ्यात जास्त होणारी गडबड. दुकानदाराची नावे चिठ्ठी आली, ती ताईने वहीत चढवली. दोन दिवसांनी आपली जमा चिठ्ठी झाली, तीही चढवली. कागद दोन, पण व्यवहार एकच आहे! बाकी 6,240 दिसू लागते. दुकानदार बरोबर 6,920 देतो आणि पानावर उलटे 680 रुपये आपणच देणे लागतो असे दिसते. म्हणून एक पद्धत ठेवा : आपण विकणारे असू तर वहीत फक्त आपली जमा चिठ्ठी चढवायची. दुकानदाराची चिठ्ठी तिच्या मागे टाचणीने लावून ठेवायची. दुकानदारानेही तसेच, स्वतःची नावे चिठ्ठी चढवायची आणि आपली नुसती जोडून ठेवायची.

फरक कशाचा आहे ते आकड्यावरूनच कळते. दोघांच्या बाकीत बरोबर 680 चा फरक असेल तर चिठ्ठी एकीकडे लिहायची राहिली आहे किंवा एकीकडे दोनदा लिहिली आहे. आपली बाकी त्याच्यापेक्षा जास्त दिसली तर आपले लिहायचे राहिले असेल, कमी दिसली तर आपल्याकडे दोनदा पडले असेल. फरक 160 चा असेल तर? ते दोन पाकिटांचे पैसे. त्याने 8 पाकिटे परत लिहिली, आपल्याला मोजून 6 च मिळाली. म्हणून पाकिटे मोजल्याशिवाय त्याच्या चिठ्ठीवर सही करायची नाही. गाडीवाला थांबलाय म्हणून घाई केली की हेच होते.

दुकानदाराने माल परत करायच्या आधीच पूर्ण 7,600 दिले असतील तरी चिठ्ठी तशीच लिहायची. त्याच्या पानावर 680 जमा शिल्लक दिसेल. पुढच्या बिलात ते वळते करा. त्याने रोख परत मागितले तर पावती घेऊन द्या आणि रोकड वहीत खर्चाच्या बाजूला "जमा चिठ्ठी नं. 5 प्रमाणे परत" असे लिहा.

आपण खरेदी करतो तेव्हा बाजू उलटते. व्यापाऱ्याकडून 50 किलो शेंगदाणे घेतले, दर ठरला 125, बिलात लागला 130. मग 250 रुपयांची नावे चिठ्ठी आपण लिहायची, आपल्या वहीत व्यापाऱ्याच्या नावे टाकायची आणि त्याच्याकडून जमा चिठ्ठी मागायची. ती हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. तोंडी "पुढच्या वेळी बघू" यावर 250 रुपये सोडू नका. आणि चूक उलटी झाली, म्हणजे विकणाऱ्यानेच दर कमी लावला, तर विकणारा नावे चिठ्ठी पाठवून फरक मागू शकतो. बिलाचा आकडा वाढवायचा रस्ता तोच.

ज्या गटांची किंवा उत्पादक कंपन्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी आहे. कर कमी-जास्त करायला कायद्यात विकणाऱ्याचीच चिठ्ठी धरतात. खरेदीदाराची नावे चिठ्ठी ही फक्त मागणी समजायची. जमा चिठ्ठीने कर कमी करून घ्यायचा असेल तर ती विवरणपत्रात दाखवायला मुदत आहे : ज्या आर्थिक वर्षात माल विकला ते वर्ष संपल्यानंतरचा 30 नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर ती तारीख. मुदत उलटल्यावर पैशांची तडजोड दोघांत करता येते, पण भरलेला कर कमी करून मिळत नाही.