उत्तर देताना मेलचं रूप मध्येच बदलू नका

कार्यालयीन मेलमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: ‘माझी उत्तरं खाली लाल रंगात दिली आहेत.’ समोरच्याने चार-पाच प्रश्न विचारलेले असतात आणि उत्तर देणारा त्याच मजकुरात, एकेका प्रश्नाखाली, लाल अक्षरांत लिहीत जातो. दोघंही एचटीएमएल स्वरूपात लिहीत असतील तोवर काही अडत नाही. पण तिसऱ्याने त्यावर प्लेन टेक्स्टमध्ये उत्तर दिलं की रंग जातो, कारण साध्या मजकुरात फक्त अक्षरं साठवता येतात, त्यांचं रूप नाही. मग उरतं ते असं:

```
> हॉल किती वाजता मिळेल?
> सकाळी नऊनंतर.
> मांडवाचा खर्च मंडळ करेल.
```

दुसरी ओळ उत्तराची आहे, हे अंदाजाने कळतं. तिसरी ओळ मात्र विचारणाऱ्याची सूचना आहे की उत्तर देणाऱ्याची कबुली, हे या मेलवरून कुणालाच सांगता येणार नाही. उत्तर देणाऱ्यानेही साध्या मजकुरात लिहिलं असतं, तर प्रश्नाआधी `>>` आणि उत्तराआधी एकच `>` आला असता आणि कोण काय म्हणालं ते स्पष्ट राहिलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की मेलमधला अर्थ रंग, जाडी आणि आकार यांच्या भरवशावर ठेवू नये आणि एकदा सुरू झालेल्या संवादाचं स्वरूप मध्येच बदलू नये.

ओळी एकमेकींना चिकटतात, त्याचं मूळही याच बदलात आहे. साध्या मजकुरात एन्टर दाबला की ओळ तुटते. एचटीएमएलमध्ये तीच खूण नुसती मोकळी जागा ठरते आणि ओळ खरोखर तोडायला `<br>` लागतो. शिवाय अनेक प्रोग्राम साधा मजकूर पाठवताना लांब ओळी साधारण पंचाहत्तर-ऐंशी अक्षरांवर स्वतःच तोडतात. त्या पुन्हा जोडण्यासाठी डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये `Remove extra line breaks in plain text messages` अशी सोय आहे. पण कोणती ओळ प्रोग्रामने तोडली आणि कोणती लिहिणाऱ्याने मुद्दाम तोडली, हे तिला नेमकं ओळखता येत नाही. त्यामुळे एकाखाली एक लिहिलेली नावं किंवा पत्ता सलग होऊन बसतो. अशा वेळी संदेशाच्या वर जादा ओळी काढल्याची सूचना दिसते. तिच्यावर क्लिक केलं की मूळ मांडणी परत येते. म्हणजे बिघाड मेलमध्ये नव्हता, दाखवण्यात होता. पाठवणाऱ्याला दोष देण्याआधी ही सूचना आहे का ते पाहावं. जीमेल वापरणाऱ्याने `Show original` उघडून मजकूर मुळात कसा आला होता ते तपासावं.

अक्षरं अचानक मोठी दिसतात, तेव्हा बहुधा कुणीच ती मोठी केलेली नसतात. जीमेलमध्ये अक्षराची शैली ठरवून दिली नसेल, तर आकार मेलबरोबर जातच नाही. वाचणाऱ्याचा प्रोग्राम स्वतःचा ठरावीक आकार लावतो, तो पुष्कळदा 12 पॉइंटचा असतो, आणि खालचा जुना मजकूर मात्र 11 पॉइंट असं स्वतःबरोबर लिहून आणतो. शेजारी ठेवल्यावर नवं उत्तर ओरडल्यासारखं वाटतं. ते हाताने लहान करणं हा उपाय नव्हे. दुसऱ्या कुणाकडे ते वाचता येणार नाही इतकं बारीक दिसू शकतं. आपला मजकूर निवडून `Remove formatting` वापरावं आणि बाहेरून आणलेला मजकूर `Ctrl+Shift+V` ने चिकटवावा, म्हणजे मुळातल्या फाइलचे आकार उत्तरात शिरत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, सगळ्यांनी एचटीएमएलच वापरावं, प्रश्न मिटला. कार्यालयापुरतं ते चालेलही. पण लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टसारख्या ठिकाणी एचटीएमएल मेल नाकारलाच जातो, म्हणजे निवड आपल्या हातात नेहमी नसते. दुसरा आक्षेप असा, की एचटीएमएल मेलबरोबर बहुधा साधी प्रतही जाते, मग हरवतं काय? ती प्रत प्रोग्रामच एचटीएमएलवरून तयार करतो, त्यामुळे लाल रंग तिच्यातही नसतो.

तेव्हा आलेला मेल ज्या स्वरूपात आहे, त्यातच उत्तर द्या. थंडरबर्डमध्ये शिफ्ट धरून `Reply` दाबलं की स्वरूप उलटतं, जीमेलमधला `Plain text mode` एकदा निवडला की पुढच्या मेललाही लागू राहतो. म्हणून लिहायला लागण्याआधी एकदा पाहून घ्या. आणि मधल्या मजकुरात उत्तर द्यायचंच असेल, तर रंग हवा तो द्या, पण प्रत्येक उत्तराआधी आपलं नाव लिहा. नाव अक्षरांत असतं, ते कुठल्याही स्वरूपात टिकतं.