मोफत यादीचे शीर्षक : चिठ्ठीवर लिहिले तेच गाठोड्यात असावे

दोन वर्षांमागे लग्नसराईच्या दिवसांत सकाळी दुकान उघडत असतानाच पेणकडचे एक वयस्कर गृहस्थ एस.टी.ने रोह्याला उतरून थेट आमच्या ओट्यावर आले. मुलीचे लग्न ठरले होते. त्यांनी मोबाईल पुढे केला आणि अदबीने विचारले, "शेठ, बस्ता मोफत देताय ना?"

मोबाईलवर गूगलच्या शोधात आमच्याच दुकानाची ओळ दिसत होती : "लग्नाचा संपूर्ण बस्ता मोफत, रोहा येथील आमच्या…". पुढचे कापले गेले होते. पूर्ण ओळ अशी होती : "लग्नाचा संपूर्ण बस्ता मोफत, रोहा येथील आमच्या दुकानाकडून यादी डाउनलोड करा." मोफत होती ती यादी. पण 'यादी' हा शब्द शेवटी गेला आणि 'मोफत' हा शब्द बस्त्याला चिकटला. आम्ही त्यांना चहा पाजला, माफी मागितली आणि एक साडी वाजवी दामात दिली. पण त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा आम्ही विसरलो नाही. कोणाला फसवण्याचा इरादा नव्हता, तरी फसगत झालीच. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा नीट अभ्यास केला. तोच आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

हा प्रकार काय आहे?

गिऱ्हाइकाच्या उपयोगाची एखादी छोटी वस्तू, बहुधा यादी किंवा तक्ता, इंटरनेटवर मोफत द्यायची आणि त्या बदल्यात त्याचा फोन नंबर घ्यायचा, याला धंद्याच्या भाषेत 'लीड मॅग्नेट' म्हणतात. ज्या पानावर ही देवाणघेवाण होते त्याला 'लँडिंग पेज' म्हणतात. शोध घेणाऱ्याला मात्र हे पान आधी दिसत नाही. त्याला दिसतात फक्त दोन गोष्टी : निळ्या अक्षरांतले शीर्षक आणि त्याखालचे दोन ओळींचे वर्णन.

कापडवाल्यांना हे समजायला सोपे आहे. बंद गाठोड्यावर चिठ्ठी असते : पन्ना किती, मीटर किती, माल कोणता. घेणारा चिठ्ठी वाचून गाठोडे उचलतो. आत दुसराच माल निघाला तर तो परत येतो, नाहीतर पुन्हा कधीच येत नाही. शीर्षक व वर्णन ही तीच चिठ्ठी आहे.

शोधणारा काय अपेक्षा ठेवून येतो?

आमची यादी 'लग्नाच्या बस्त्याची' आहे. दोन पाने, ३६ बाबी : वधूच्या १४, वराच्या १० आणि मानपानाच्या १२. सहावारी साडी ब्लाउजपीससह आहे की नाही हे पाहावे, म्हणजे ६.३० मीटर भरते की साडेपाचच. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास आहे ना. मानपानाच्या साड्या नावानिशी किती. अशा गोष्टी त्यात टिक करण्यासाठी दिल्या आहेत.

लोक ती कोणत्या शब्दांनी शोधतात, हे आम्ही दोन ठिकाणांहून शिकलो. पहिले ठिकाण म्हणजे आमचा गल्ला. 'वेडिंग शॉपिंग' असे आमच्याकडे कोणी बोलत नाही. "बस्त्याला काय काय लागतं, ते लिहून द्या" असे म्हणतात. दुसरे ठिकाण म्हणजे गूगलचा शोधपट्टा. तिथे "लग्नाच्या" एवढेच लिहून थांबा आणि खाली उमटणाऱ्या सूचना वाचा. मग तेच रोमन अक्षरांत `lagnachya bastyachi yadi` असे लिहून पाहा, कारण आपले अनेक लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकतात. त्यानंतर पहिल्या पानावर कोणत्या प्रकारची उत्तरे येतात तेही पाहा. बहुतेक उत्तरे याद्यांची असतील, तर शोधणाऱ्याला यादी हवी आहे. दुकानांचे पत्ते व नकाशा येत असेल, तर त्याला दुकान हवे आहे.

हा फरक फार मोलाचा आहे. "रोहा साडी दुकान" लिहिणारा माणूस पिशवी घेऊन निघालेला आहे. त्याला यादीच्या पानावर आणून नंबर मागणे म्हणजे दारात आलेल्या गिऱ्हाइकाला अडवणे. त्याच्यासाठी दुकानाचा पत्ता, वेळ आणि नकाशा गूगलवर नीट नोंदवलेला असावा, बस्स. "बस्त्याची यादी" लिहिणारा मात्र घरात बसून हिशेब मांडतो आहे. लग्नाला दोन-तीन महिने आहेत, पनवेलला जायचे की कल्याणला की इथेच घ्यायचे, हे ठरलेले नाही. आपले पान त्याच्यासाठी आहे.

आमचे शीर्षक कसे बदलले

आमच्या पुतण्याने पहिल्यांदा शीर्षकात फक्त दुकानाचे नाव आणि 'आपले स्वागत आहे' असे लिहिले होते. त्यावर कोणी बोट ठेवले नाही, कारण यादी शोधणाऱ्याला स्वागत नको होते. दुसऱ्यांदा त्याने 'मोफत' पुढे आणले आणि वर सांगितलेला प्रकार घडला. तिसऱ्यांदा आम्ही दोघे बसलो आणि हे लिहिले :

```html
<title>लग्नाच्या बस्त्याची यादी : वधू, वर, मानपान (मोफत PDF)</title>
<meta name="description" content="बस्त्याला निघण्यापूर्वी टिक करायच्या ३६ बाबी, दोन पानांत. व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिल्यावर यादी लगेच मिळते. रोहा-पेण परिसरातील कुटुंबांसाठी.">
```

यात काय केले ते पाहा. शोधणाऱ्याचे स्वतःचे शब्द सर्वांत आधी आले. गूगल शीर्षक अक्षरे मोजून नव्हे, तर पडद्यावर मावेल तेवढ्या रुंदीत दाखवतो, म्हणून शेवट कापला जाऊ शकतो. त्यामुळे जे कापले गेले तरी अर्थ बिघडणार नाही तेच शेवटी ठेवावे. इथे 'मोफत PDF' गेले तरी कोणी बस्ता मोफत समजणार नाही. दुकानाचे नाव आम्ही काढून टाकले. ते पानावर आहेच.

वर्णनात चार सवालांचे जवाब दिले : आत काय आहे, किती आहे, मिळवण्यासाठी काय द्यावे लागेल, कोणासाठी आहे. नंबर मागणार हे आधीच सांगितले तर लोक पळतील, असे पुतण्याचे म्हणणे होते. पण पान उघडल्यावर अचानक नंबर मागितला तर ते पळतातच, किंवा खोटा नंबर टाकतात. खोट्या नंबरांनी भरलेली वही कोणाच्या कामाची?

गावाचे नाव शीर्षकात नसून वर्णनात का? यादी शोधणारा गावाचे नाव टंकत नाही, म्हणून शीर्षकाची महाग जागा त्यावर खर्च करायची नाही. पण नागपूरच्या माणसाचा नंबर घेऊन आमचा फायदा नाही, म्हणून वर्णनात ते सांगून टाकले.

दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. वर्णन लिहिल्याने पान वर चढत नाही. ते फक्त वाचणाऱ्याला ठरवायला मदत करते. आणि आपण लिहिलेलेच गूगल दाखवील याचीही हमी नाही. शीर्षक आणि पानावरचा मोठा मथळा जुळत नसतील तर तो मथळाच उचलून दाखवू शकतो, आणि वर्णनाऐवजी पानातले एखादे वाक्य घेऊ शकतो. म्हणून पानाचा मथळाही 'लग्नाच्या बस्त्याची यादी' असाच ठेवला आणि पहिल्या दोन वाक्यांत वर्णनातलीच माहिती दिली. यादीतल्या पहिल्या सहा बाबी पानावर उघड्या ठेवल्या. थानाचे टोक उलगडून दाखवावे, तसे.

कुलूप कुठे लावू नये

पेणमधील आमचे एक नातेवाईक शिंपीकाम करतात. त्यांनीही तोच मार्ग धरला. शीर्षक लिहिले, "ब्लाउजचे माप कसे घ्यावे", आणि आत गेल्यावर नंबर दिल्याशिवाय काही दिसेना. लोक आले आणि तसेच परतले. 'कसे घ्यावे' विचारणाऱ्या बाईच्या हातात टेप असते. तिला चित्र आणि पद्धत त्याच घडीला हवी असते, नंबर देऊन वाट पाहायला सवड नसते.

आता त्यांनी माप घेण्याची पद्धत चित्रांसह खुली ठेवली आहे आणि त्याच पानाच्या शेवटी 'माप लिहिण्याचा छापील कागद' मोफत देऊ केला आहे. छाती, कंबर, खांदा, बाही, मागचा-पुढचा गळा यांचे रकाने असलेला तो कागद भरून बायका तोच शिंप्याकडे नेतात. त्यासाठी नंबर द्यायला त्या राजी होतात. थोडक्यात, ज्याचे उत्तर दोन मिनिटांत हवे असते ते बंद करू नये. जे छापून, टिक करून, बरोबर न्यायचे असते त्यासाठीच नंबर मागावा.

चूक कुठे आहे हे कसे ओळखावे?

गूगलचे `Search Console` हे साधन मोफत आहे. त्यात कोणत्या शब्दांवर आपली ओळ किती वेळा दिसली (`Impressions`) आणि किती वेळा दाबली गेली (`Clicks`) हे कळते. समजा ओळ हजार वेळा दिसली आणि तीन जणांनीच दाबली. आधी शब्द पाहा. शब्द आपल्याच यादीचे असतील आणि ओळ पहिल्या पानावर दिसत असेल, तर चिठ्ठी खराब आहे. शीर्षक व वर्णन बदला. समजा चाळीस जणांनी दाबली पण नंबर एकानेच दिला, तर चिठ्ठी चांगली पण गाठोडे वेगळे आहे. पान दुरुस्त करा. नंबर पुष्कळ आले पण दुकानात कोणीच यादी घेऊन येत नसेल, तर यादी कच्ची आहे किंवा माणसे दूरची आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार आठवडे थांबा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

नंबर ही अमानत आहे

यादीसाठी दिलेला नंबर यादीसाठीच आहे. सेलचे संदेश पाठवायचे असतील तर त्यासाठी वेगळी चौकट ठेवा, आणि ती आधीपासून टिक केलेली नसावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट व विशिष्ट कामापुरती असावी, आणि देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणेही सोपे असावे, असे सांगितले आहे. आमच्या संदेशाच्या शेवटी 'नको असल्यास नको असे लिहा' एवढी ओळ असते. जो 'नको' लिहितो त्याचा नंबर त्याच दिवशी वहीतून खोडला जातो.

ते पेणचे गृहस्थ यंदा धाकट्या मुलीच्या बस्त्याला पुन्हा आले. या वेळी हातात आमचीच दोन पानांची यादी होती, घरच्यांनी पेन्सिलीने टिक केलेली. मानपानाच्या रकान्यात दोन नावे त्यांनी स्वतः वाढवली होती. ती जागा आमच्या यादीत नव्हती. आता केली आहे.