सभासद दुसऱ्या आठवड्यातच सुटतो

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. तिथे मी जिम चालवतो. नवीन जिम काढणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगतो: सभासद कधी सोडून गेला, हे फीच्या वहीत शोधू नका. वही महिना संपल्यावर बोलते, माणूस त्याआधीच मनाने गेलेला असतो. हजेरीचं रजिस्टर मात्र दुसऱ्याच आठवड्यात सांगतं. ज्याच्या दोन भेटींमधलं अंतर वाढत चाललं, तो पुढची फी क्वचितच भरतो. वर्षाची फी एकदम घेतली की हे फक्त झाकलं जातं. माणूस येत नाहीच, आणि वर्षाअखेर नूतनीकरणही करत नाही.

जिनिंगमधले एक मुनीम आमच्याकडे आले होते. वय चाळिशीचं, दिवसभर बसून काम. शेजारी पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं घाम गाळत होती, त्यामुळे यांनाही हुरूप आला. पहिल्याच दिवशी स्क्वॅट, लंजेस, लेग प्रेस असे प्रत्येकी चार सेट झाले. आनंदाने घरी गेले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, जिना उतरता येत नाही. हे आपल्यासारख्याचं काम नाही." महिना पुरा होईपर्यंत ते परत आले नाहीत.

त्यांना इजा झालेली नव्हती. नवा व्यायाम केला, विशेषतः वजन पेलत खाली बसताना स्नायू ताणला गेला, की दुखणं लगेच येत नाही. ते साधारण दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि आठवडाभरात जातं. तोच व्यायाम पुन्हा केला तर पुढच्या वेळी बरंच कमी दुखतं. हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं आणि पहिल्या दिवशी सेट कमी दिले असते, तर ते टिकण्याची शक्यता होती.

म्हणून पहिल्या दिवशी एक-दोनच सेट, आणि वजन असं की आणखी पाच वेळा सहज उचलता यावं. निघताना स्पष्ट सांगा: "परवापर्यंत मांड्यांचं दुखणं वाढेल, मग कमी होईल, घाबरू नका, घरात चालत-फिरत राहा. पण लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली किंवा पाय खूप सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा." शेवटची सूचना वगळू नका. अति व्यायामाने स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येण्याची ती खूण असते. पुढची वेळही तिथेच ठरवा, दिवस आणि तास धरून, आणि त्या वेळी तोच ट्रेनर हजर ठेवा. सभासद आला नाही तर दुसऱ्या दिवशी मेसेज नको, फोन करा. "का नाही आलात?" असं विचारलं की माणूस आणखी संकोचतो. "पाय कसे आहेत?" असं विचारा.

दुसऱ्या आठवड्यात नवनवीन मशीन दाखवायचा मोह होतो, तो आवरा. तेच चार-पाच व्यायाम ठेवा आणि वजन व वेळा एका कार्डावर लिहा. महिन्याभरात आरशात फारसं काही दिसत नाही. काट्यावर तर सुरुवातीच्या सूज-पाण्यामुळे वजन थोडं वाढलेलंही दिसू शकतं. ताकद मात्र वाढते, कारण मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकतात. लेग प्रेस ४० किलोवरून ६० वर गेली, हे कार्डावर दिसतं. पहिल्या महिन्यात सभासदाला दाखवता येईल असा बदल बहुतेक वेळा एवढाच असतो.

तीस दिवसांत सवय लागते, असंही सांगू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातच एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही, असंही दिसलं. "खाडा झाला तरी पुढच्या वेळी या," हे सभासदाला याच आधारावर सांगता येतं.

आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत खाडे होणारच. शेतकरी सभासदाला तेव्हा फीचे दिवस पुढे ढकलून द्या. त्याला थांबण्याची सोय नसेल तर तो नाव काढून टाकतो. गुडघ्याचं जुनं दुखणं असलेला किंवा बदली झालेला माणूस जाणारच, त्याच्यामागे लागू नका.

राहता राहिली फी. मोबाईलवरून आपोआप कटणारी फी घेत असाल, तर पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी सभासदाला सूचना जाते. दहा दिवस न आलेल्या माणसाला ती सूचना म्हणजे रद्द करण्याची आठवणच ठरते. त्याच्याशी बोलणं त्याआधी झालेलं हवं. विसाव्या-बाविसाव्या दिवशी कार्ड घेऊन त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा, पहिल्या दिवसाचे आणि आजचे आकडे शेजारी-शेजारी दाखवा, आणि त्या दिवशी फीचा विषय काढू नका.