पडसं गेलं, पण रात्रीचा खोकला जाईना



धारवाडची झिमझिम सुरू झाली की आपल्या निम्म्या घरांत पडसं येतं. ताप-सर्दी आठवड्यात जाते, मागे राहतो तो कोरडा ठसका. गेले काही दिवस अनेकांनी याबद्दलच विचारलं, म्हणून आज तेवढंच लिहितो.

विषाणू गेलेला असतो, पण घशाचं नि श्वासनळीचं अस्तर सोललेलं राहतं. तिथल्या नसा थंड वारा, धूर, बोलणं एवढ्यानंही चाळवतात. खोकलं की अस्तर पुन्हा दुखावतं आणि खोकला वाढतो. हे चक्र 3 ते 8 आठवडे चालू शकतं. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, ती विषाणूवर चालतच नाहीत.

समजा, एका 45 वर्षांच्या ताईंचं असं झालंय. दिवसा ठीक, रात्री 11 ला आडवं झालं की ठसका. त्यांचं जेवण 10 ला, निजायच्या खोलीत उदबत्ती नि डासांची कॉइल, पंखा थेट तोंडावर. आडवं झाल्यावर नाकातला स्राव मागून घशात उतरतो, भरल्या पोटातलं आंबटही वर येतं. म्हणून जेवण 8 ला घ्यायचं. उदबत्ती देवघरातच, कॉइलऐवजी मच्छरदाणी. पंखा भिंतीकडे. उशी फक्त मानेखाली नको, खांद्यापासून उतार हवा. झोपण्याआधी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, मग चमचाभर मध हळूहळू चाटायचा (मधुमेह असेल तर मध सोडा).

उबळ आली की मात्र खोकून मोकळं व्हायचा मोह आवरा. तोंड मिटून आवंढा गिळा, उशाशी ठेवलेल्या थर्मासमधलं कोमट पाणी घोटभर घ्या, नाकाने लहान, सावकाश श्वास घ्या. अर्ध्या मिनिटात खवखव बहुधा ओसरते. पहिल्या रात्री जमणार नाही, बरं का, चार-पाच रात्री द्या.

आता महत्त्वाचं. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, थुंकी निघत नसेल तर छातीचा एक्स-रे काढतात. ती साफ आली, तर उरलेले आठवडे बिनघोर वाट पाहता येते. रक्त पडणं, धाप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, पुन्हा ताप यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. छातीत शीळ वाजत असेल तर दम्याचा विचार करावा लागतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असाच कोरडा खोकला येतो. पाकिटावर एनालाप्रिल, रॅमिप्रिल असं ‘प्रिल’ने संपणारं नाव असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील. गोळी आपणहून बंद करू नका.