मंडळाचा जमाखर्च : एका नव्या खजिनदारास पत्र

खामगाव,
श्रावण वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मोहल्ल्याच्या गणेशोत्सव मंडळाने यंदाची खजिनदारकी तुझ्यावर सोपविली आणि तू ती काहीशा धास्तीनेच पत्करलीस, हे वाचून मला आनंद झाला आणि तुझी धास्तीही रास्त वाटली. मात्र तू लिहितोस की, "काका, हात स्वच्छ असला म्हणजे झाले ना?" त्यावर आधी बोलणे प्राप्त आहे, कारण ज्याचा हात स्वच्छ होता आणि तरीही ज्याच्यावर भर सभेत पैसे गिळल्याचा आळ आला, असा एक खजिनदार मी जवळून पाहिला आहे, आणि त्याच्या दफ्तराची रुजुवात घेण्यासाठी मोहल्ल्याने जे दोघे तपासनीस नेमले त्यांपैकी एक मी होतो. त्या गृहस्थांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते हयात आहेत आणि पुढे त्यांनीच मंडळाचा हिशेब असा बसविला की आजूबाजूची मंडळे त्यांची वही पाहावयास येत.

त्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक, खामगावच्या रीतीप्रमाणे मानाच्या लाकडी गणपतीच्या मागोमाग, निर्विघ्न पार पडली आणि चौथ्या दिवशी मंदिराच्या ओट्यावर फलक लागला : जमा ८४,३०० रुपये, खर्च ७९,८५० रुपये, शिल्लक ४,४५० रुपये. खाली वर्गणीदारांची यादी होती. किराणा दुकानाच्या एका मालकांनी ती वाचली, घरी जाऊन पावती आणली आणि सर्वांसमक्ष दाखविली. पावतीवर १,१०० रुपये होते, फलकावर त्यांच्या नावापुढे ५०१. लोकांनी साहजिकच शिल्लक रक्कम पाहावयास मागितली. खजिनदारांनी खिशात हात घातला, पेटी उघडली, घरून डबा आणविला. ४,४५० रुपये काही निघेनात. त्या संध्याकाळी काय काय बोलले गेले ते मी लिहीत नाही. एवढेच सांगतो की ज्या माणसाने दहा दिवस दुकान बंद ठेवून मंडपात उभे राहून काम केले, तो माणूस रात्री आरतीच्या जागेकडे पाठ करून बसला होता.

आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी दफ्तर ताब्यात घेतले. दफ्तर म्हणजे चार पावतीपुस्तके, एक शाळकरी वही आणि बिलांची एक पिशवी. वयाची बरीच वर्षे मी कापसाच्या अडत दुकानात रोजकीर्द लिहिण्यात घालविली असल्यामुळे पहिली गोष्ट मी केली ती ही, की वही बाजूस ठेवली आणि पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती मोजावयास घेतल्या. वही कोणीही सावकाश बसून लिहू शकतो. परंतु देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फाडलेल्या पावतीची जी स्थळप्रत मागे उरते, तिचा क्रमांक आणि तिच्यावरची रक्कम मागाहून बदलणे दुष्कर असते, कारण तिचा दुसरा तुकडा परक्याच्या घरात असतो.

स्थळप्रतींनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की दुकानदारांची स्थळप्रत १,१०० रुपयांचीच होती. यादी उतरविताना लेखनिकाची नजर एक ओळ खाली घसरली आणि पुढच्या घराचे ५०१ त्यांच्या नावापुढे पडले. म्हणजे ५९९ रुपये जमेत कमी. दुसरी अशी, की चौथे पुस्तक एका कार्यकर्त्याकडे राहून गेले होते. त्यातील सहा पावत्यांचे २,७०६ रुपये त्याने खजिनदारांच्या हाती दिले होते आणि ते खर्चही झाले होते, पण वहीत त्यांची जमा नव्हती. तिसरी गोष्ट मात्र उलट दिशेची होती. वहीत जमा दाखविलेल्या सात घरांच्या रकमांना, एकंदर ८,६०० रुपयांना, स्थळप्रतच नव्हती. चौकशी करता कळले की त्या घरांनी फक्त आकडा सांगितला होता, "देऊ, लिहून ठेवा" म्हटले होते, आणि खजिनदारांनी भाबडेपणाने ते जमेच्याच रकान्यात लिहून ठेवले होते. सगळ्या तंट्याचे मूळ या एका रकान्यात होते. कबूल केलेली वर्गणी आणि आलेली वर्गणी एकाच ओळीत बसली, की बेरीज कितीही अचूक असली तरी ती पेटीतील रकमेशी कधीच जुळणार नाही.

खर्चाच्या बाजूस विसर्जनाच्या ट्रॅक्टरचे भाडे २,४०० रुपये मुळीच लिहिलेले नव्हते. ते खजिनदारांनी त्या धांदलीत पदरचे देऊन टाकले होते. आता तूच हिशेब कर. ८४,३०० मधून न आलेले ८,६०० वजा जाता राहिले ७५,७००. त्यात ५९९ आणि २,७०६ मिळविले म्हणजे खरी जमा ७९,००५ रुपये. खर्च ७९,८५० अधिक २,४०० मिळून ८२,२५०. ज्या माणसाने ४,४५० रुपये खाल्ल्याचा ओरडा झाला, त्याचेच मंडळाकडे ३,२४५ रुपये येणे निघत होते.

तुला वाटेल, येथे गोष्ट गोड झाली. तशी ती झाली नाही. खर्चापैकी ८,५०० रुपयांना बिल नव्हते. आम्ही बँडवाल्याकडे गेलो, हलवायाकडे गेलो, फुलवाल्याकडे गेलो. त्यांनी रकमा मान्य करून सह्या दिल्या आणि ७,३०० रुपयांचा उलगडा झाला. उरलेल्या १,२०० रुपयांचा उलगडा कशानेच होईना. ते पैसे खर्च झाले असणार याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. तरीही आमच्या अहवालात आम्ही ते पुराव्याविना म्हणून वेगळे दाखविले आणि खजिनदारांना २,०४५ रुपयेच देय ठरविले. काहींना हे निष्ठुर वाटले. परंतु तपासनीस जर एका भल्या माणसाकरिता विश्वासावर रक्कम मंजूर करू लागला, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती नाकारण्याचा अधिकार त्याला राहत नाही. खजिनदारांनी स्वतः उभे राहून ते १,२०० सोडले, आणि सभेतील आवाज त्या क्षणी खाली आला. सातांपैकी पाच घरांची वर्गणी नंतर आली, तीतून त्यांचे पैसे फिटले.

पुढच्या वर्षी सभेने त्यांनाच पुन्हा नेमले, आणि त्यांनी जी पद्धत घातली ती तू जशीच्या तशी उचलावीस असे मला वाटते. पावतीपुस्तके छापून आली की कोणते पुस्तक, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, कोणाच्या हाती दिले, याची नोंद ते सही घेऊन ठेवीत. आणि पुस्तक परत आल्यावर एकही क्रमांक गहाळ नाही हे पाहत. चुकलेली पावती फाडून फेकावयाची नाही, दोन्ही भाग आडवी रेघ मारून पुस्तकातच ठेवावयाचे. रक्कम अंकी आणि अक्षरी. कबुलीची वही निराळी; ती फलकावर कधीच लावावयाची नाही. हा शेवटचा नियम त्यांनी मोठ्या समजुतीने केला. कोणी काय दिले हे जाहीर असावे. कोणी दिले नाही हे जाहीर करणे म्हणजे हिशेब नव्हे, ती जबरदस्ती होय, आणि हातावर पोट असलेल्या घराला ती फार लागते. ज्याला नाव नको त्याच्या पावतीवर 'गुप्तदान' लिहावे, परंतु क्रमांक असावाच.

कार्यकर्त्याला सजावटीसाठी पाच हजार दिलेस, तर तो खर्च लिहू नकोस. ती तसलमात लिही. बिले आणि उरलेली रोकड परत आली की मगच ती तसलमात उतरवून खर्च टाक. रोज रात्री आरतीनंतर, दुसऱ्या एका सभासदाला शेजारी बसवून, हातशिल्लक मोजावी आणि त्या दिवसाच्या रोजकिर्दीखाली दोघांनी सह्या कराव्यात. फरक पडलाच तर तो एका दिवसाचा असतो आणि सापडतो. दहा दिवसांचा फरक एकदम पुढे आला म्हणजे सापडत नाही. बिले पाहताना सगळ्या रकमा गोल हजारांच्या असतील, अथवा निरनिराळ्या दुकानांची बिले एकाच अक्षरात असतील, तर तेथेच थांबावे आणि दुकानदाराला जाऊन विचारावे.

तुमच्या काळातील एक घोटाळा त्या गृहस्थांच्या वाट्याला तेव्हा आला नव्हता. मंडपात मोबाईलवरून वर्गणी देण्याचा जो क्यूआर कोड लावाल, तो मंडळाच्या बँकखात्याचा असावा, तुझ्या स्वतःच्या खात्याचा कदापि नसावा. तुझ्या खात्यात तुझा पगार, घराचे वीजबिल आणि गणपतीची वर्गणी एकत्र झाली, की ती वेगळी काढून दाखविण्याचा भार तुझ्यावर येतो आणि त्यासाठी तुला स्वतःचे सगळे खाते लोकांपुढे उघडे करावे लागते. शिवाय अशा रकमेचीही पावती फाडावी, तीवर 'बँक' असे लिहावे आणि ती रोकडीच्या बेरजेत धरू नये. नाहीतर तीच रक्कम दोनदा जमा होते.

सार्वजनिक पैशाचा हिशेब जाहीर करण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. १८९५ साली रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी निधी जमविण्यास प्रारंभ केला, तेव्हा वर्गणीदारांच्या याद्या केसरीतून नावानिशी प्रसिद्ध होत असत. कायद्याचेही तेच मागणे आहे. तुमचे मंडळ नोंदलेला न्यास नसेल, तर वर्गणी मागावयास निघण्यापूर्वी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली बुलढाण्याच्या धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या अर्जाबरोबर मागील वर्षाचा हिशेब जोडावा लागतो. पुष्कळ मंडळे ही गोष्ट पोलिसांची परवानगी मागताना प्रथम ऐकतात आणि मग एका रात्रीत गेल्या सालाचा जमाखर्च रचतात. तसा रचलेला हिशेब कसा असतो हे मी अनेकदा पाहिले आहे, त्याचे वर्णन करीत नाही.

गणेशचतुर्थीला आता फार दिवस नाहीत. मागील खजिनदारांकडून दफ्तर, उरलेली कोरी पावतीपुस्तके आणि शिल्लक रक्कम यांची यादी करून, दोघांच्या सह्यांनिशी ताबा घे, आणि ती यादी झाल्याखेरीज एकही पावती फाडू नकोस. यादीची एक नक्कल मला पाठव. वहिनींस नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
काका