मगवर आजीआजोबा अर्धेच येतील का?

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मगवर घरातल्या सगळ्यांचा फोटो छापायचा आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालेल का?

उत्तर : आधी फोटोच्या तपशिलात पिक्सेल बघा. समजा, तो १६०० बाय १२०० आहे. नेहमीच्या मगवर छपाईची पट्टी साधारण २० बाय ९ सेंटिमीटर असते. कानाजवळची जागा कोरी राहते. फोटो पूर्ण पट्टीभर ताणला, तर इंचाला सुमारे २०० पिक्सेल मिळतात. मगला तेवढे पुरतात. दीडशेखाली चेहरे मऊ पडू लागतात. खरी अडचण आकाराची आहे. पट्टी लांबट असल्यामुळे उंचीतले फक्त ७२० पिक्सेल उरतील, म्हणजे मागच्या रांगेतल्यांची डोकी किंवा पुढे बसलेल्यांचे पाय जाणार. म्हणून फोटो १२ बाय ९ मध्ये, एका बाजूला अख्खा बसवा. तो अधिक रेखीवही येईल. मग गोल असल्याने कडेचे चेहरे वळलेले दिसतील, तेव्हा आईबाबा मधोमध हवेत. चेहरे आणि अक्षरे कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत ठेवा, कारण छपाईचा कागद गुंडाळताना थोडा सरकतो.

शक्य असेल तर ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. छोटा फोटो ॲपमध्ये मोठा करून गेलेला तपशील परत येत नाही.